‘मनमिळाऊ, निर्व्यसनी, सुसंस्कृत’ : विवाहाच्या परिचयपत्राचे पुनर्लेखन

विवाहासाठीच्या मराठी परिचयपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग कोष्टकाचा. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रक्तगट, रास, नक्षत्र, नाडी, गण, गोत्र किंवा देवक, शिक्षण, नोकरी, भावंडे, मामांचे गाव आणि नातेसंबंधातली आडनावे येतात. दुसरा भाग चार-सहा ओळींच्या मजकुराचा असतो. त्यावर ‘स्वतःविषयी’ किंवा ‘थोडक्यात परिचय’ असे लिहिलेले असते आणि शेवटी ‘अपेक्षा’. कोष्टकात बदलण्यासारखे फारसे काही नसते. तिथली माहिती खरी आणि पूर्ण असली की झाले. पुनर्लेखन करायचे ते या चार-सहा ओळींचे. शंभरातल्या नव्वद परिचयपत्रांत त्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या वाटतात.

पुष्कळदा त्या खरोखरच एका माणसाने लिहिलेल्या असतात. तालुक्याच्या गावी बायोडाटा करून घ्यायला लोक झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जातात. दुकानदार आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो, वरचे ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ तसेच ठेवतो, नाव आणि फोटो बदलतो आणि मजकुराच्या ओळींवरून नुसती नजर फिरवतो. क्वचित आधीच्या मुलाचे गोत्रही तसेच राहून जाते. या ओळींची भाषा मात्र दुकानापेक्षा जुनी आहे. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात शब्दांवर किंवा ओळींवर पैसे मोजून द्यावी लागे, त्यामुळे एका शब्दात बरेच काही कोंबणारी विशेषणे सोयीची होती. ‘गृहकृत्यदक्ष’, ‘सुस्वरूप’, ‘उच्चविद्याविभूषित’ हे शब्द त्या काटकसरीतून रुळले. आता मोबाइलवरून पाठवायच्या पीडीएफमध्ये जागेचा तोटा नाही, पण शब्द तेच राहिले. तिसरे कारण घरातले आहे. मजकूर बहुधा वडील, काका किंवा आत्या लिहितात आणि आपल्या मुलाची जाहीर स्तुती करायची तर ती कोणाला खटकणार नाही अशा ठरलेल्या शब्दांत करणे त्यांना सुरक्षित वाटते.

नमुन्यादाखल पुढील मजकूर घेऊ. असा मजकूर कोणत्याही मेळाव्याच्या परिचय-पुस्तिकेत सापडेल.

“चि. … हा अत्यंत मनमिळाऊ, शांत, निर्व्यसनी व सुसंस्कृत मुलगा असून पुण्यातील नामांकित कंपनीत चांगल्या पदावर कार्यरत आहे. आधुनिक विचार व आपली संस्कृती यांचा सुंदर मेळ त्याच्या व्यक्तिमत्त्वात आहे. वाचन, संगीत, प्रवास व क्रिकेट हे छंद. घरचे वातावरण मोकळे व धार्मिक. गावी बागायत शेती व स्वतःचे घर. अपेक्षा : सुशिक्षित, सुंदर, घर व नोकरी दोन्ही सांभाळणारी, मोठ्यांचा मान राखणारी, अनुरूप वधू.”

मुलगा बत्तीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनियर, मूळचा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला. मजकूर वडिलांनी सांगितला आणि दुकानदाराने टंकला. यातले एकही वाक्य सरळसरळ खोटे नाही, निदान वडिलांच्या समजुतीप्रमाणे तरी नाही. तरीही तो वाचून मुलाविषयी काहीच कळत नाही.

कामाची सुरुवात लिहिण्याने होत नाही, खोडण्याने होते. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारायची आणि एकच पाहायचे : याच्या उलट कोणी स्वतःबद्दल लिहील का? ‘भांडखोर व असंस्कृत मुलगा’ असे कोणी लिहीत नाही, म्हणून ‘मनमिळाऊ व सुसंस्कृत’ याने काहीच वेगळे सांगितले जात नाही. ‘नामांकित कंपनी’ आणि ‘चांगले पद’ यांचेही तेच. ‘रात्रपाळी असते’ याच्या उलट ‘रात्रपाळी नसते’ असे मात्र कोणीही लिहील आणि वाचणाऱ्याला त्या दोन्हींचा उपयोग आहे. या चाळणीतून वरच्या मजकुरातले फक्त ‘पुणे’, ‘क्रिकेट’ आणि ‘बागायत शेती’ एवढेच गळून खाली येते. घरच्यांसमोर ही खोडाखोड करू नये, असे अनुभव सांगतो. वडिलांच्या देखत ‘सुसंस्कृत’वर काट मारली की तो संस्कारांवरचा आक्षेप ठरतो आणि पुढचा अर्धा तास त्याच्या खुलाशात जातो.

खोडलेल्या शब्दांच्या जागी नवे, चांगले शब्द शोधणे ही इथली नेहमीची चूक. ‘मनमिळाऊ’च्या जागी ‘माणसांत रमणारा’ आणि ‘प्रवासाची आवड’च्या जागी ‘मनाने भटका’ असे लिहिले की भाषा थोडी ताजी वाटते, पण माहितीत काडीचीही भर पडत नाही. प्रत्येक ठरीव शब्दामागे एक तर काही खरी गोष्ट असते किंवा काहीच नसते. कोणत्या शब्दामागे काय आहे हे विचारूनच कळते. म्हणून पुनर्लेखनाचा बराचसा वेळ विचारण्यात जातो आणि प्रत्यक्ष लिहिण्यात फार थोडा.

प्रश्न गुणांविषयी विचारू नयेत, दिवसांविषयी विचारावेत. ‘तुझा स्वभाव कसा आहे?’ याला कोणीही ‘शांत’ असेच उत्तर देतो. ‘छंद काय?’ याला ‘वाचन’. पण ‘गेल्या रविवारी सकाळपासून काय काय केलं?’ असे विचारले की माणूस आठवू लागतो आणि आठवताना सजवायचे विसरतो. उपयोगी पडणारे आणखी काही प्रश्न असे आहेत. अलीकडे पगारातून स्वतःसाठी कशावर खर्च केला? मित्र कोणत्या कामासाठी फोन करतात? घरात कशावरून वाद होतो? पाहुणे आले की तू कुठे असतोस? प्रत्येक उत्तरानंतर ‘म्हणजे नेमकं काय?’ असे एकदा विचारले की बहुतेक काम होते.

वरच्या मुलाला ‘वाचन’ म्हणजे नेमके काय, शेवटचे पुस्तक कोणते, असे विचारल्यावर त्याला नाव आठवले नाही. तो वाचतो ते वर्तमानपत्रातले खेळाचे पान आणि मोबाइलवरचे शेतीमालाचे भाव. ‘संगीत’ म्हणजे कंपनीच्या बसमध्ये कानात घातलेली गाणी. ‘प्रवास’ म्हणजे महिन्यातून एकदा गावी जाणे. हे तिन्ही छंद गेले. रविवारबद्दल मात्र त्याच्याकडे सांगण्यासारखे बरेच निघाले : सकाळी चिकन आणायला जाणे, ते स्वतः करणे, दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मिक्सर उघडून बसणे. मिक्सर कशासाठी? “बंद पडला होता. नवीन घेणार होत्या, म्हटलं बघतो.” बिल्डिंगमधले लोक पंखा, इस्त्री, मिक्सर त्याच्याकडे आणून देतात, हे त्याने असे सांगितले की जणू त्यात सांगण्यासारखे काही नाही. अशा ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून सोडलेल्या गोष्टीकडे लक्ष ठेवावे. परिचयाला चेहरा बहुधा तिथूनच मिळतो.

यानंतर दुसऱ्या कोणाला तरी विचारावे. आईवडील यासाठी उपयोगाचे नाहीत. त्यांना मुलगा दहावीत होता तसाच दिसतो. बहीण, खोलीतला मित्र, वहिनी ही योग्य माणसे. या मुलाच्या बहिणीने सांगितले, “दादा घरी आला की पहिल्यांदा विचारतो, काय बंद पडलंय?” रागाविषयी विचारल्यावर मुलगा म्हणाला होता, की राग आला तर गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी स्वतःच बोलतो. बहिणीने दुरुस्ती केली : “दुसऱ्या दिवशी कुठलं, दोन दिवस. मग चहा करून आणतो, म्हणजे समजायचं मिटलं.” दोन सांगण्यांतला हा फरक खोडू नये. पुढे मजकुरात तोच सर्वांत वाचनीय ठरतो.

‘आधुनिक विचार व आपली संस्कृती यांचा सुंदर मेळ’ हे वाक्य मराठी परिचयपत्रांत इतके आढळते की ते डोळ्यांना दिसेनासे झाले आहे. या मुलाच्या बाबतीत त्यामागे एक ठाम गोष्ट होती. आईवडील माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, गावच्या घरात मांसाहार होत नाही. मुलगा पुण्यात रविवारी चिकन करतो आणि हे आईवडिलांना माहीत आहे. गावी गेला की तो तिथल्यासारखे जेवतो. त्यावरून भांडण नाही, चोरून खाणेही नाही. त्या गुळगुळीत वाक्याच्या जागी ही दोन वाक्ये आली की शाकाहारी मुलीला, मांसाहारी मुलीला आणि वारकरी घरातल्या मुलीला आपापले उत्तर मिळते. ‘वातावरण मोकळे व धार्मिक’ या शब्दांचे कामही त्याच वाक्यांत होऊन जाते.

‘निर्व्यसनी’ या शब्दावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि बहुतेक वेळा तो असाच जातो. मुलगा तंबाखू, सिगारेट घेत नाही. मित्रांबरोबर वर्षातून दोन-तीनदा बिअर घेतो आणि हे गावी कोणाला ठाऊक नाही. कोणाच्याही मते हे व्यसन नव्हे. पण परिचयपत्रातल्या ‘निर्व्यसनी’चा अर्थ वाचणारे ‘कधीही घेत नाही’ असाच करतात, विशेषतः मुलगा माळकरी घरातला असल्यावर. इथे तीन वाटा असतात. शब्द तसाच ठेवणे म्हणजे लग्नानंतर सहा महिन्यांत एखाद्या ऑफिसच्या पार्टीच्या फोटोवरून उलगडणारी गोष्ट पेरून ठेवणे. मजकुरात बिअरचे वाक्य लिहिणे म्हणजे वडिलांना ते छापील परिचयपत्रातून कळणे. मुलाने तिसरी वाट धरली. ‘निर्व्यसनी’ शब्द काढला, मजकुरात ‘तंबाखू-सिगारेट नाही’ एवढेच ठेवले, विवाह-संकेतस्थळाच्या अर्जात मद्यपानासमोर ‘कधीकधी’ हा पर्याय निवडला आणि पहिल्या भेटीत स्वतः सांगायचे ठरवले. छापील पत्र पाहणाऱ्याला अर्धी माहिती मिळते, हा त्यातला कमकुवत दुवा. तरी ती खोटी नाही आणि उरलेली कधी सांगायची ते ठरलेले आहे.

अवघड गोष्टींची अशी वाटणी करावीच लागते. ज्या गोष्टीने रोजचे जगणे बदलते आणि जी ऐकून निम्मे लोक लगेच ‘नको’ म्हणतील, ती मजकुरातच असावी : रात्रपाळी, परदेशी बदली, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस, आधीचे लग्न, मूल. ज्या गोष्टीला संदर्भ लागतो ती पहिल्या सविस्तर फोनवर किंवा भेटीत सांगावी, पण कोणत्याही परिस्थितीत होकारापूर्वी : औषधांवर असलेला आजार, मोठे कर्ज, कोर्टात चाललेला भावकीचा दावा. प्रामाणिकपणा म्हणजे सगळे छापणे नव्हे. आजाराचे नाव, कंपनीचे नाव, घराचा पत्ता, बहिणीची नोकरी या गोष्टी अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या कागदात असू नयेत. लपवण्याची मर्यादा मात्र कायद्यानेही घातली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, समोरच्याविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवून लग्नाला संमती मिळवली असेल, तर ते लग्न रद्द ठरवून घेता येते. त्यासाठी फसवणूक उघड झाल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो. कोणती गोष्ट ‘महत्त्वाची’ हे न्यायालय प्रकरणागणिक ठरवते.

आधीच्या लग्नाबद्दल मराठीत ‘निर्दोष घटस्फोटित’ हा खास शब्दप्रयोग आहे. कोणत्याही हुकूमनाम्यात तो नसतो. घटस्फोट परस्पर संमतीने झाला असेल तर कोणाचा दोष हे न्यायालय ठरवतही नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र तो शब्द लगेच प्रश्न उभा करतो : मग दोष कोणाचा? त्याऐवजी ‘पहिले लग्न आठ महिने टिकले, परस्पर संमतीने घटस्फोट झाला, मूल नाही, कागदपत्रे पाहायला मिळतील’ अशी साधी चार वाक्यखंडांची माहिती पुरते. समोरच्या घराची बदनामी नाही, स्वतःची सफाई नाही. ‘नाममात्र विवाह’ आणि ‘अल्पकालीन विवाह’ यांच्याबाबतही कालावधी सांगून मोकळे होणे बरे.

सामग्री जमली की मसुदा. पहिला मसुदा बहुधा तीनपैकी एका बाजूला कलतो. काही जण कबुलीजबाब देतात : मी आळशी आहे, मला लोक आवडत नाहीत, वजन कमी करतोय. वाचणाऱ्याला वाटते, इतके असेल तर लग्न कशाला? काही जण विनोदाचा आधार घेतात आणि चार ओळींत चार कोट्या करतात. पहिली चांगली वाटते, चौथीला दमछाक होते आणि मुलगी आपल्या वडिलांना ते वाचून दाखवू शकत नाही. तिसरी बाजू नोकरीच्या अर्जाची. त्यात पदे, प्रमाणपत्रे, ‘टीम प्लेयर’ असले शब्द येतात. या मुलाचा पहिला मसुदा तिसऱ्या जातीचा होता आणि त्यात आयएसओ हा शब्द दोनदा आला होता.

मजकूर सुखद वाटायला गोड शब्द लागत नाहीत. स्वतःविषयीची एखादी उणी गोष्ट सहज, तक्रार न करता सांगितली आणि तिच्या शेजारीच एखादी उपयोगी किंवा हसरी गोष्ट ठेवली की वाचणाऱ्याचे मन सैल होते. उणी गोष्ट अशी हवी, की जिच्यासोबत राहता येईल. ‘राग आला की गप्प बसतो’ चालते. ‘राग आला की वस्तू फेकतो’ हे परिचयपत्रात गोड करून सांगण्यासारखे नव्हे. त्यावर आधी दुसरीकडे काम व्हायला हवे. लांबी दीडशे शब्दांच्या आसपास ठेवावी. मोबाइलच्या पडद्यावर ते न कंटाळता वाचून होते आणि वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवता येते. लिहिताना ‘मी’ वापरावा. ‘चि.’ आणि ‘हा मुलगा’ म्हटले की लगेच वडिलांचा आवाज येतो आणि विशेषणे परत येऊ लागतात. वडिलांनाच बोलायचे असेल तर शेवटी त्यांचे म्हणून दोन ओळींचे वेगळे मनोगत द्यावे. ते शोभून दिसते.

काही बैठकांनंतर त्या मुलाचा मजकूर असा झाला :

“चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. तयार झालेला भाग पुढे पाठवायचा की परत, हे आम्ही ठरवतो, त्यामुळे दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणावे लागते आणि ते भांडण न करता म्हणायची सवय झाली आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. तीन आठवड्यांतून एकदा रात्रपाळी असते आणि तेव्हा मी दुपारपर्यंत झोपलेला असतो.

मूळचा वाळवा तालुक्यातला. तीन एकर ऊस आहे, तो मोठा भाऊ पाहतो आणि हिशेब मी ठेवतो. आईवडील माळकरी आहेत, गावच्या घरी मांसाहार होत नाही. पुण्यात रविवारी चिकन मी करतो आणि ते बरे होते. तंबाखू-सिगारेट नाही. बंद पडलेला मिक्सर किंवा पंखा उघडून बसायला आवडते. शनिवारी टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतो, लेगस्पिन टाकतो, फलंदाजीला शेवटी येतो. चार लोकांत कमी बोलतो. राग आला तर गप्प होतो. माझ्या मते एक दिवस, बहिणीच्या मते दोन.

सध्या भाड्याच्या घरात राहतो. मोशीत फ्लॅट घेतला आहे, त्याचा हप्ता चालू आहे.”

यात ‘मनमिळाऊ’ कुठेही नाही, पण बंद पडलेला मिक्सर उघडून बसणारा माणूस कसा असेल हे कळते. ‘शांत’ नाही, पण भांडण न करता ‘नाही’ म्हणणारा आहे. ‘बागायत शेती’चे तीन एकर झाले आणि ती कोण कसते हेही आले. इथे घरातून विरोध झाला. शेतीचा आकडा कशाला, ‘बागायत’ म्हटले की मोठी वाटते, असे वडिलांचे म्हणणे होते. लग्न ठरवायला आलेली माणसे बसल्या बसल्या सातबारा पाहायला मागतात, हे त्यांनाही माहीत होते. आकडा राहिला. फ्लॅटच्या हप्त्यावर आईची हरकत होती, पण ‘स्वतःचा फ्लॅट’ म्हटल्यावर लोक हप्त्याची चौकशी करतातच, असे मोठ्या भावाने सांगितले आणि वाक्य राहिले. रागाचे वाक्य मात्र आईने दोनदा काढून टाकले आणि बहिणीने दोनदा परत घातले.

‘अपेक्षा’ हा सर्वांत दुर्लक्षित भाग, कारण तो शेवटी येतो आणि तोवर लिहिणारे थकलेले असतात. ‘अनुरूप वधू’ हे तर कोणालाच न दुखावणारे आणि काहीच न मागणारे. तिथे दुसऱ्या माणसाचे गुण मागण्याऐवजी पुढच्या आयुष्याची परिस्थिती सांगावी : कुठे राहायचे, कोणाबरोबर, कामे कशी वाटायची, गावी किती जायचे. ‘घर व नोकरी दोन्ही सांभाळणारी’ या शब्दांत दोन माणसांचे काम एकीवर टाकलेले असते आणि आजच्या मुली ते लगेच ओळखतात. ‘नोकरी केलेली चालेल’ यातला परवानगीचा सूरही त्यांना खटकतो. ‘सुंदर’ आणि ‘गोरी’ यांना फाटा देणे सोपे आहे. त्यांतून सौंदर्य नव्हे, फक्त लिहिणाऱ्याची नजर कळते. 2020 साली शादी डॉट कॉम या विवाह-संकेतस्थळाने वापरणाऱ्यांच्या आक्षेपानंतर त्वचेच्या रंगावरून निवड करण्याची सोय काढून टाकली. छापील परिचयपत्रांत ‘गोरा, निमगोरा, गव्हाळ’ हा रकाना मात्र अजून सर्रास दिसतो. मुलाने तो रिकामा सोडला, फोटो सोबत असल्यामुळे कोणी विचारलेही नाही.

त्याची अपेक्षा अशी लिहिली गेली : “लग्नानंतर पिंपरी-चिंचवड परिसरातच राहायचे आहे. आईवडील गावी असतात, वर्षातून महिनाभर येतात. घरकाम दोघांचे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळची कामे मला जमत नाहीत, इतर दोन आठवडे जमतात. जेवताना बोलणारी कोणी असावी. मी सुरुवात केली नाही तर तिने करावी.”

जात, पोटजात आणि पत्रिका हा भाग पुनर्लेखनाच्या आटोक्यात फारसा येत नाही. घरच्यांची अट असेल तर ती कोष्टकात स्पष्ट असावी. ‘पत्रिका पाहायची आहे’ किंवा ‘पाहायची नाही’, इतके सरळ. मजकुरात ‘आम्ही जातपात मानत नाही’ आणि कोष्टकात ‘स्वजातीयच’ अशी परिचयपत्रे नेहमी येतात. मुलगा एक म्हणतो आणि घर दुसरे, हे त्यातून उघड होते. अशा वेळी भाषा सुधारून उपयोग नाही. आधी घरात बोलणे व्हायला हवे.

तयार मजकुराच्या तीन आवृत्त्या कराव्या लागतात. विवाह-संकेतस्थळासाठी पूर्ण, मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी चाळीसेक शब्दांची आणि मेळाव्याच्या व्यासपीठावर बोलायची अर्ध्या मिनिटाची. छोट्या आवृत्तीत पुन्हा विशेषणे शिरतात, कारण जागा कमी असली की माणूस गोळाबेरीज करतो. त्यापेक्षा मोठ्या मजकुरातल्या दोन नेमक्या गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात आणि बाकी सोडून द्यावे. या मुलासाठी शिफ्ट आणि माळकरी घर या दोन गोष्टी ठेवल्या. व्यासपीठावर बोलायला त्याने मिक्सर निवडला.

नवा मजकूर चालतो की नाही, हे आलेल्या स्थळांच्या संख्येवरून ठरवू नये. संख्या बहुधा घटते आणि घरचे घाबरतात. फोनवरचा पहिला प्रश्न काय असतो ते पाहावे. जुन्या मजकुरावर फोन करणारे सुरुवातीलाच ‘पॅकेज किती?’ आणि ‘फ्लॅट कुठे?’ विचारत, कारण विचारायला दुसरे काही मजकुराने दिलेलेच नव्हते. नव्या मजकुरावरचे फोन ‘रात्रपाळी किती वर्षे राहील?’, ‘आईंना सून मांसाहारी चालेल का?’ असे येऊ लागतात. एका मुलीच्या आईने पहिल्याच फोनवर बहिणीचे म्हणणे खरे की मुलाचे, असे विचारले. तीन-चार फोनमध्ये तोच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसला तर दोष मजकुराचा समजावा. ‘हिशेब मी ठेवतो’ हे वाचून काहींना वाटले की शेतीचा पैसा मुलाच्या हातात आहे. ते वाक्य पुढे ‘साखर कारखान्याच्या उसाच्या बिलाचा हिशेब लिहून ठेवतो’ असे झाले.

मजकूर दर सहा महिन्यांनी एकदा वाचून पाहावा. नोकरी, घर, वडिलांची तब्येत, शिफ्ट यांपैकी काही बदलले तर ते वाक्य त्याच दिवशी बदलावे. विवाह-संकेतस्थळावर नवा मजकूर चढवताना जुनी पीडीएफ ज्या मामा-मावशींकडे गेली आहे त्यांनाही नवी पाठवावी, कारण नात्यातून फिरणारा कागद सगळ्यांत उशिरा बदलतो. लग्न ठरले की विवाह-संकेतस्थळावरचे खाते बंद करून फोटो काढून टाकावेत आणि वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतली नोंद रद्द करायला फोन करावा. मंडळे आपणहून ती बहुधा रद्द करत नाहीत आणि लग्नाला वर्ष झाल्यावरही ‘स्थळ पाहिलं’ म्हणून फोन येत राहतात.